मुदत ठरवायची कुणी?

गेल्या वर्षी आईच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट एसएमएसमधल्या लिंकवर आला. लॅब मुलुंड स्टेशनजवळची, घरातले सगळे तिथेच जातात. त्या सकाळी आईबरोबर मीही रक्त देऊन आलो होतो, त्यामुळे थोड्या वेळाने माझीही लिंक आली. दोन्ही लिंक एकाखाली एक पाहिल्या आणि हात शिवशिवले, कारण मी पोटासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. आईच्या लिंकचा शेवट असा होता:

```
/report?id=482116
```

माझ्या लिंकच्या शेवटी 482117. दुसरा ब्राउझर उघडला, कुठेही लॉगिन न करता आईची लिंक टाकली आणि शेवटचा आकडा एकने वाढवला. माझं नाव, वय, मोबाइल नंबर, साखर, कोलेस्टेरॉल, सगळं पडद्यावर आलं. ना ओटीपी, ना जन्मतारीख.

तिथेच थांबलो. तिसरा क्रमांक टाकला नाही, कारण तो कुणाचा तरी असणार होता. बग सिद्ध करायला दोन खाती पुरतात आणि ती दोन्ही आपली किंवा आपल्या माणसांची हवीत. मोह कितीही झाला तरी तिसरं दार उघडायचं नाही. मग मी लॅबला मेल लिहिली. काय दिसलं, कसं दिसलं, दुरुस्तीसाठी काय करता येईल, हे तीन परिच्छेदांत मांडलं आणि शेवटी एक वाक्य घातलं: आजपासून तीस दिवसांनी मी या प्रकाराबद्दल लिहिणार आहे, तोवर हे कुणालाही सांगणार नाही.

हा लेख त्या शेवटच्या वाक्याबद्दल आहे. माझा एक वकील मित्र ते वाचून चिडला होता. "अरे, ही तर धमकी झाली. समोरच्याने खंडणीची तक्रार केली तर भारतीय न्याय संहितेचं ३०८ कलम तुझ्या गळ्यात." मी पैसे मागितले नव्हते, त्यामुळे खंडणी होत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. पण त्याच मेलमध्ये 'माझ्या कामाचा काही मोबदला मिळाला तर बरं' असं एक वाक्य असतं, तर चित्र पालटलं असतं. तारीख आणि पैसा एका मेलमध्ये कधी येऊ द्यायचे नाहीत, हे कॉलेजात बग शोधणाऱ्या पोरांनी आधी शिकायला हवं. भल्या हेतूने लिहिलेल्या मेल या एका चुकीमुळे पोलिस स्टेशनपर्यंत जाऊ शकतात.

धमकी नाही, तर मग तारीख घालायचीच कशाला? सभ्य माणसासारखं कळवावं आणि वाट पाहावी, असं बहुतेकांना वाटतं. मलाही पूर्वी तसंच वाटायचं. अडचण ही की वाट पाहण्याचा खर्च कळवणारा भरत नाही आणि ज्याला कळवलं तोही भरत नाही. तो भरतात ते ४८२११८ पासून पुढचे सगळे, आणि त्यांना तर आपल्या नावावर काही खर्च पडतोय याचा पत्ताही नसतो. कंपनीच्या बाजूने पाहिलं तर दुरुस्तीला आज पैसे लागतात, गप्प बसायला आज काहीच लागत नाही. अशा हिशेबात दुरुस्ती नेहमी पुढच्या महिन्यावर जाते. यात कुणी दुष्ट असण्याचीही गरज नाही. तारीख घातली की गप्प बसण्यालाही काहीतरी किंमत पडते, तिचं काम एवढंच.

या तारखेची रीत जुनी आहे. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठातलं सीईआरटी समन्वय केंद्र २००० सालापासून कळवलेली त्रुटी जाहीर करण्याआधी ४५ दिवसांची मुदत पाळत आलं आहे. २०१४ च्या जुलैत गूगलने प्रोजेक्ट झीरो नावाचा गट उभा केला. दुसऱ्यांच्या आणि स्वतःच्याही सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी शोधायच्या, कंपनीला कळवायच्या आणि नव्वद दिवसांनी तपशील जाहीर करायचे, हे त्याचं काम. आज 'नव्वद दिवस' हा आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे तो त्या गटामुळे. पण नव्वद हा आकडा कुठल्या शास्त्रातून निघालेला नाही. पंच्याऐंशीही चालले असते. महत्त्वाचं हे की आकडा आधी ठरतो, सगळ्यांना सारखा लागू होतो आणि विनंतीने हलत नाही.

न हलणारी तारीख किती बोचते, हे २०१५ च्या जानेवारीत दिसलं. प्रोजेक्ट झीरोला विंडोज ८.१ मध्ये एक त्रुटी सापडली होती. कुणी लॉगिन करतं तेव्हा त्याच्या प्रोफाइलचे फोल्डर तयार करणारी विंडोजची एक सेवा असते. ती सेवा मोठ्या अधिकाराने चालते, आणि काही फोल्डर बनवताना ती साध्या वापरकर्त्याच्या अधिकारात उतरायला विसरत होती. त्याचा फायदा घेऊन त्या कॉम्प्युटरवर आधीच खातं असलेला साधा माणूस आपले अधिकार वाढवून घेऊ शकत होता. बाहेरून इंटरनेटवरून कुणी घुसेल, असा हा प्रकार नव्हता. १३ ऑक्टोबर २०१४ ला मायक्रोसॉफ्टला कळवलं गेलं, म्हणजे नव्वद दिवस ११ जानेवारी २०१५ ला भरत होते.

मायक्रोसॉफ्ट आपले पॅच, म्हणजे त्रुटी बुजवणाऱ्या दुरुस्त्या, दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी काढते. जगभरातल्या कंपन्यांचे आयटी विभाग त्या मंगळवारच्या हिशेबाने माणसं बसवतात, त्यामुळे ही पद्धत उगीच पडलेली नाही. जानेवारीतला तो मंगळवार १३ तारखेला होता. मायक्रोसॉफ्टने आधी फेब्रुवारीपर्यंत वेळ मागितला आणि तो मिळाला नाही. मग पॅच १३ जानेवारीलाच देतो, तोवर थांबा, असं सांगितलं. तरीही ११ तारखेला, रविवारी, तपशील आणि त्रुटी वापरून दाखवणारा कोड दोन्ही जाहीर झाले. पॅच आला दोन दिवसांनी.

मायक्रोसॉफ्टचे क्रिस बेट्झ यांनी तेव्हा जाहीरपणे नाराजी मांडली. यात तत्त्वापेक्षा 'कसं पकडलं' हा आव जास्त आहे आणि भुर्दंड ग्राहकांना बसतो, असा त्यांच्या म्हणण्याचा सूर होता. त्या दोन दिवसांपुरतं मला त्यांचं पटतं. पॅच तयार आहे, तारीख जाहीर आहे, तरी रविवारी कोड बाहेर टाकायचा, यातून सामान्य माणसाला काय मिळालं? काहीच नाही.

पण त्यांनी यातून काढलेला निष्कर्ष, म्हणजे प्रत्येक वेळी कंपनीशी बोलून, तिच्या सोयीने तारीख ठरवावी, हा मला पटत नाही. पुढच्या महिन्यात प्रोजेक्ट झीरोने जे केलं ते जास्त शहाणपणाचं होतं. नियमच सुधारला. मुदत शनिवार-रविवारी किंवा अमेरिकेतल्या सार्वजनिक सुट्टीला संपली तर ती कामाच्या पुढच्या दिवशी संपेल. आणि मुदत संपल्यावर चौदा दिवसांच्या आत अमुक दिवशी पॅच येणार असं कंपनीने आधी कळवलं, तर तोवर थांबू. हा नियम महिनाभर आधी असता तर रविवारची मुदत सोमवारवर गेली असती, मंगळवार सवलतीत बसला असता आणि भांडणाला जागाच उरली नसती. यातलं मर्म असं की चौदा दिवसांची सवलत मायक्रोसॉफ्टला दिली नाही, सगळ्यांना दिली. मोठ्या कंपनीचा फोन आला म्हणून तारीख सरकली, असं एकदा झालं की पुढच्या प्रत्येकाचा फोन येतो. मुंबईत कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही, तारीख सरकू शकते हे एकदा कळल्यावर तिचं पुढे काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

या कडकपणाचा परिणाम मोजलेला आहे. गटाने त्याच फेब्रुवारीत दिलेल्या आकड्यांनुसार तोवर दुरुस्त झालेल्या १५४ त्रुटींपैकी ८५ टक्के नव्वद दिवसांच्या आत दुरुस्त झाल्या होत्या. पुढे २०२१ साली कंपन्यांना दुरुस्तीला सरासरी ५२ दिवस लागत होते. त्याच्या तीन वर्षं आधी तोच आकडा ऐंशीच्या आसपास होता. सगळं श्रेय तारखेला देणार नाही, कंपन्यांची पॅच काढण्याची यंत्रणाही मधल्या काळात सुधारली. पण ती सुधारायची निकड कुठून आली, हे विचारावंच लागतं.

आता सगळ्यात वजनदार आक्षेपाकडे येतो, कारण तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. आक्षेप असा: पॅच आला म्हणजे तो सगळ्यांच्या मशीनवर बसला असं नाही. तपशील जाहीर केले की ज्यांनी अजून पॅच लावला नाही त्यांच्या घराची किल्लीच वाटल्यासारखं होतं.

हे आपल्या दारात घडून गेलं आहे. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा जगभर बंद पाडली. त्याच समूहाची एपीएम टर्मिनल्स ही कंपनी न्हावा शेवाला जेएनपीटीत एक टर्मिनल चालवते. तिथलंही काम कोलमडलं आणि कंटेनर हाताने नोंदी करून हलवायची वेळ आली. हा व्हायरस पसरायला विंडोजमधली जी त्रुटी वापरली गेली तिचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दिला होता. त्रुटी वापरायचं हत्यार चोरट्यांच्या एका टोळीने १४ एप्रिलला उघड्यावर टाकलं. म्हणजे हल्ल्याच्या दिवशी पॅच येऊन १०५ दिवस झाले होते, तरी जगभरात असंख्य मशीन तशाच होत्या. शिवाय तो व्हायरस एका मशीनवरून पासवर्ड चोरून दुसऱ्यावर जायचा, त्यामुळे पॅच लावलेलं मशीनही शेजाऱ्यामुळे मरायचं.

यातून दोन गोष्टी निघतात आणि त्या एकमेकींना छेद देतात. पहिली: पॅच लावायला वेळ लागतो, म्हणून तपशील पॅचच्या दिवशीच टाकू नयेत. प्रोजेक्ट झीरोने २०२१ मध्ये हे मान्य केलं. तेव्हापासून नव्वद दिवसांच्या आत दुरुस्ती झाली तर तपशील दुरुस्तीनंतर तीस दिवसांनी बाहेर येतात. मला हा बदल योग्य वाटतो. दुसरी गोष्ट: तीसचे तीनशे केले तरी फार फरक पडणार नाही. पॅच आला की जाणकार माणूस जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवतो, काय बदललं ते पाहतो, आणि त्रुटी कुठे होती ते त्याला उमगतं. पॅच हाच मुळात एक जाहीरनामा असतो, फक्त तो वाचायला मेहनत लागते आणि ती मेहनत करायला चोरांकडे वेळ असतो. लेख लपवल्याने अडतो तो आयटी विभागातला माणूस, ज्याला साहेबाला पटवायचं असतं की आज रात्री सर्व्हर बंद करून हा पॅच लावायलाच हवा.

आणि जेएनपीटीच्या प्रकरणातली तिसरी गोष्ट सगळ्यात कडू आहे. ती त्रुटी कुठल्या संशोधकाने मुदत घालून कळवलेली नव्हती. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेला ती बराच काळ ठाऊक होती आणि तिने ती स्वतःच्या वापरासाठी दाबून ठेवली होती. दाबलेलं चोरीला गेलं आणि बंदरापर्यंत पोहोचलं. 'आम्ही सोडून हे कुणालाच माहीत नाही' हे वाक्य कंपनीच्या मेलमध्ये वाचलं की मला न्हावा शेवा आठवतं.

मुदत एकच असावी का? इथे मात्र मी नव्वदच्या भक्तांपासून वेगळा होतो. मी लॅबला नव्वद दिले नाहीत, तीस दिले, कारण त्रुटी त्यांच्या एका सर्व्हरवर होती. तिथे दुरुस्त केली की सगळ्यांसाठी दुरुस्त, कुणाच्या फोनवर काही बसवायचं नाही. उलट ४८२११७ टाकून पाहायला अक्कल लागत नाही, म्हणून धोका रोजचा. अशा ठिकाणी नव्वद दिवस देणं ही दुसऱ्याच्या जिवावर केलेली उदारता झाली.

दुसऱ्या टोकाला वस्तू असतात, ज्यांना पॅच लावताच येत नाही. मायफेअर क्लासिक नावाची चिप जगभरच्या प्रवासी कार्डांमध्ये आणि दारं उघडणाऱ्या कार्डांमध्ये वापरली गेली. नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये तिची सुरक्षा कशी मोडते ते शोधून काढलं आणि मार्चमध्ये चिप बनवणाऱ्या एनएक्सपी कंपनीला कळवलं. लेख ऑक्टोबरमध्ये एका परिषदेत यायचा होता. कंपनी तो रोखायला कोर्टात गेली. जुलैमध्ये आर्नहेमच्या न्यायाधीशांनी मनाई द्यायला नकार दिला. नुकसान होणार असेल तर ते लेखामुळे नव्हे, सदोष चिप बनवून विकल्यामुळे होईल, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. हातातली कार्डं बदलायची म्हणजे नवी छापायची, वाटायची, वाचक यंत्रंही पाहायची, त्याला महिने लागतात. म्हणून तिथे सुमारे सात महिने देणं मला रास्त वाटतं.

त्याच देशाच्या सायबर सुरक्षा केंद्राने २०१३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात सॉफ्टवेअरसाठी साठ दिवस आणि हार्डवेअरसाठी सहा महिने ही सर्वसाधारण मुदत सुचवली. कंपनीने स्वतः जाहीर केलेल्या नियमांत राहून त्रुटी कळवणाऱ्यावर गुन्हा न लावण्याची दिशाही तिथे ठरली. डच सरकारच्या यंत्रणेतली त्रुटी नीट कळवली तर एक टीशर्ट मिळतो. 'मी डच सरकार हॅक केलं आणि मिळाला काय, तर हा फालतू टीशर्ट' अशा अर्थाचं वाक्य त्यावर छापलेलं असतं. आपल्याकडे असा टीशर्ट घालून मंत्रालयाच्या गेटवर उभं राहायची माझी तरी छाती नाही.

मंत्रालयाचं नाव उगीच घेतलं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ४३ वं कलम म्हणतं की मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटर यंत्रणेत शिरलं की नुकसानभरपाई द्यावी लागेल. त्यात हेतू विचारात घेतलेला नाही. तोच प्रकार अप्रामाणिक हेतूने केला तर ६६ वं कलम लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पाच कोटींपर्यंतचे भरपाईचे दावे राज्याच्या आयटी सचिवांपुढे चालतात. म्हणजे माझ्यासारख्याने एक आकडा बदलून स्वतःचाच रिपोर्ट पाहिला, तरी हेतू शुद्ध होता हे सिद्ध होईपर्यंत वकिलाची फी मीच भरणार. कायद्यात सुरक्षा संशोधकासाठी अपवाद नाही.

लॅबचं पुढे काय झालं ते सांगतो, म्हणजे ही गोष्ट हवेत राहणार नाही. पहिली मेल परत आली, कारण वेबसाइटवर दिलेला पत्ताच बंद होता. त्रुटी कळवायचा पत्ता `/.well-known/security.txt` या ठिकाणी ठेवावा असा संकेत आहे, तिथे अर्थातच काही नव्हतं. शेवटी काउंटरवरच्या ताईंकडून व्यवस्थापकांचा मेल घेतला. तीस दिवस त्या दिवसापासून मोजले, आधीच्या परत आलेल्या मेलपासून नाही. कळल्याशिवाय मुदत सुरू करणं बरोबर नाही.

एकोणिसाव्या दिवशी फोन आला. पलीकडच्या गृहस्थांचा पहिला प्रश्न, "तुम्हाला हे करायला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "काका, मी तुमचाच पेशंट आहे. तुम्हीच लिंक पाठवलीत." मग सूर जरा उतरला. सॉफ्टवेअर त्यांचं नव्हतं. ठाण्यातली दोन माणसांची एक फर्म तेच सॉफ्टवेअर बऱ्याच लॅबना देत होती. व्यवस्थापकांना माझी मेल कळलीच नव्हती, त्यांनी ती तशीच पुढे ढकलली होती.

चोविसाव्या दिवशी 'काम झालं' असा निरोप आला. मी पुन्हा माझ्याच दोन लिंक उघडल्या. आता आईच्या लिंकचा शेवट असा दिसत होता:

```
/report?id=NDgyMTE2
```

हा तोच ४८२११६ आहे, फक्त बेस-सिक्स्टीफोर पद्धतीने लिहिलेला. ही पद्धत लपवण्यासाठी नाही, माहिती एका रूपातून दुसऱ्या रूपात न्यायला वापरतात, आणि ती उलटी करायला कुठलीही किल्ली लागत नाही. कुलपाच्या जागी पडदा लावला होता. मी तसं लिहून कळवलं आणि हेही लिहिलं की तारीख तीच आहे. अठ्ठाविसाव्या दिवशी लिंक उघडताना मोबाइलवर ओटीपी यायला लागला. आईच्या ओटीपीने माझा रिपोर्ट उघडतो का, तेही तपासलं. उघडत नव्हता. ही शेवटची पायरी बरेच जण विसरतात. दारावर राखणदार बसवतात, पण आत आलेला माणूस कुठल्या खोलीत जातोय ते पाहत नाहीत.

चोविसाव्या दिवशी माझ्याकडे तारीख नसती तर मी काय केलं असतं, याचा विचार केला. बहुधा आणखी एक मेल. त्या दोन पोरांना आणखी एक महिना. त्यांचा मला राग नाही. दोन माणसांनी किती लॅब सांभाळायच्या? कुठलीही त्रुटी तीस दिवसांत दुरुस्त होईलच असं नाही, आणि लहान फर्मने सातव्या दिवशी फोन करून 'हे असं आहे, अमक्या तारखेला करतो' म्हटलं असतं तर मी पंधरा दिवस आनंदाने वाढवून दिले असते. सवलत प्रामाणिक तारखेला द्यावी, मौनाला नाही.

पण एकट्या माणसाने हे सगळं अंगावर का घ्यावं? गूगलच्या गटाला मायक्रोसॉफ्टने नोटीस पाठवली तरी त्यांच्याकडे वकिलांची फौज आहे. मुलुंडच्या टेस्टरकडे एक चिडका मित्र आहे. म्हणून आपल्याकडे तारीख धरून ठेवण्याचं काम सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने करावं, असं माझं मत आहे. त्रुटी कळवून घेणं, कंपनीशी समन्वय साधणं आणि त्रुटीला जागतिक क्रमांक देणं ही कामं ती आजही करते. एप्रिल २०२२ च्या आदेशात तिने कंपन्यांना सांगितलं की सायबर हल्ला झाल्याचं लक्षात आल्यापासून सहा तासांत आम्हाला कळवा. म्हणजे घड्याळ लावता येतं. फरक इतकाच की चोरी झाल्यावर सहा तासांचं घड्याळ आहे, आणि दार उघडं आहे असं कुणी सांगितल्यावर ते बंद करायला आयटी कायद्यात घड्याळच नाही. शिवाय नोव्हेंबर २०२३ पासून सीईआरटी-इनला माहितीच्या अधिकारातून वगळलं आहे. त्यामुळे अमुक कंपनीला कळवलेल्या त्रुटीचं काय झालं, हे सामान्य नागरिक अर्ज करून विचारू शकत नाही.

काय उघड करावं आणि काय नाही, यासाठी मुंबईकराला परदेशात जायची गरज नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी म्हाडा आणि महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढतात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करायची. यादीत इमारतीचं नाव असतं, पत्ता असतो. मालकाला ते आवडत नाही, भाडेकरूंनाही कधीकधी आवडत नाही, तरी यादी निघते. कुठला खांब किती पोखरला आहे याचा नकाशा मात्र दारावर चिकटवत नाहीत. प्रोजेक्ट झीरोने २०२५ च्या जुलैत नेमकी हीच चाल सुरू केली. कळवल्यापासून आठवड्याभरात कंपनीचं नाव, उत्पादनाचं नाव, कळवल्याची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख जाहीर करायची, तांत्रिक तपशील नाही. सीईआरटी-इनने अशीच यादी ठेवली तर कळवणाऱ्याचं नाव कुठेही येणार नाही आणि तारीख मात्र सगळ्यांना दिसेल.

या कल्पनेला एक भगदाड आहे आणि ते मला लॅबमुळेच कळलं. लॅबचं नाव यादीत टाकलं असतं तर कुणीही दहा मिनिटांत लिंकमधला आकडा बदलून पाहिला असता. जिथे उत्पादन प्रचंड आहे, तिथे नाव सांगून त्रुटी सापडत नाही. जिथे सगळं मिळून एक वेबसाइट आहे, तिथे नाव हाच नकाशा होतो. म्हणून सर्व्हरवरच्या त्रुटींसाठी मुदत छोटी ठेवावी आणि नाव दुरुस्तीनंतर किंवा मुदतीनंतर घ्यावं, आणि लोकांच्या फोनवर, कॉम्प्युटरवर, खिशातल्या कार्डात जे बसलेलं आहे त्यांची नावं पहिल्याच आठवड्यात यादीत यावीत, असं मी म्हणेन.

लॅबचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. दुरुस्ती मुदतीत झाली होती, त्यामुळे ते लिहिण्यात मला अर्थ दिसला नाही. काका परवा काउंटरवर भेटले. "तुमचं ते तीस दिवसांचं," ते म्हणाले, "त्या ठाण्याच्या पोरांनी इतर लॅबनाही ओटीपी लावून दिला म्हणे." किती लॅबना, हे त्यांना ठाऊक नव्हतं.